‘मी जबाबदारी’

देवगडात आंब्याचा हंगाम सरला की बायोडेट्याचा सुरू होतो. चार महिने पॅकिंग शेडमध्ये राबलेली पोरं ऑफिसातली नोकरी शोधायला लागतात आणि कागद घेऊन माझ्यासारख्याच्या पडवीत येऊन बसतात. "काकांनू, सगळां बरोबर आसा मां?" एवढाच प्रश्न असतो. शुद्धलेखन बहुतेक वेळा बरोबरच असतं. मोबाइलही कुठे लाल रेघ मारत नाही. दुखणं असतं ते अनुभवाखालच्या ठिपक्यांत. एक नमुना बघा:

• आलेल्या क्रेटची नोंद ठेवली
• कामगारांची रोज हजेरी घेणे
• वजनानुसार आंब्याची प्रतवारी
• वाशीच्या मार्केटला माल पाठवतो
• व्यापाऱ्यांच्या हिशेबाची जबाबदारी
• भाड्यासाठी गाडीवाल्यांशी बोललो

एकेकटी ओळ निर्दोष आहे, आणि सहा एकत्र आल्या की दशावतार. राजा, राक्षस, संकासूर सगळे एकाच वेळी पडद्याबाहेर. मोबाइलला हे दिसत नाही, कारण तो ओळ तपासतो, ओळींचं आपसातलं नातं तपासत नाही.

आधी नजर कुठे ठेवायची ते ठरवावं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून डावीकडचा मजकूर पोस्टकार्डाने झाकायचा आणि फक्त उजवी कड वरून खाली वाचायची: ठेवली, घेणे, प्रतवारी, पाठवतो, जबाबदारी, बोललो. घोळ लगेच उघडा पडतो. याच पोराचा इंग्रजी बायोडेटा असेल तर पोस्टकार्ड उजवीकडे सरकवावं. तिथे क्रियापद ओळीच्या तोंडाशी असतं आणि ‘मॅनेज्ड, हँडलिंग, रिस्पॉन्सिबल फॉर’ अशी वरात डाव्या कडेने निघते.

घोळ दिसला, आता गुन्हेगार कोण? त्यासाठी प्रत्येक ओळीआधी एकच शेपूट उलटं लावायचं: ‘गेल्या हंगामात मी…’ आणि मोठ्याने वाचायचं. ‘गेल्या हंगामात मी नोंद ठेवली’, पास. ‘मी हजेरी घेणे’ ही तार झाली, वाक्य नव्हे. ‘मी प्रतवारी’ म्हणताच पोरगा स्वतःच आंबा होतो. ‘गेल्या हंगामात मी माल पाठवतो’ यात हंगाम आणि क्रियापद एकमेकांचे गळे धरतात. ‘मी जबाबदारी’ हे त्याच्या आईला मान्य होईल, पण नोकरी देणाऱ्याला नाही. ‘मी बोललो’ पास.

‘घेणे, ठेवणे, पाठवणे’ असा सगळा कागद केला तर तोही एकसारखा होईल, मला मान्य आहे. पण ती नेमून दिलेल्या कामांची यादी वाटते. काम झालं की नाही, ते कळत नाही. ‘जबाबदारी’चंही तेच: ती असते, पार पडलीच असं नाही. संपलेल्या नोकरीला भूतकाळ बरा. आजही चालू असलेल्या नोकरीखाली मात्र ‘पाठवतो’च हवं आणि मग त्या नोकरीच्या सगळ्या ओळी तशाच.

हे समजावल्यावर पोरगा कागद नीट करून आणतो: नोंद ठेवली, हजेरी घेतली, प्रतवारी केली, माल पाठवला, हिशेब ठेवले, गाडीवाल्यांशी बोललो. आणि इथे खरा छळ सुरू होतो. त्याला ली, ली, ली, ला, ले, लो असं दिसतं. ‘एकसारखं’ हा शब्द डोक्यात बसलेला, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ‘माल पाठवली’ आणि ‘हिशेब ठेवली’ तयार!

अरे बाबा, शेपट्या मोजायच्या नाहीत. मराठीत ‘मी’ने केलेल्या कामाचं क्रियापद भूतकाळात बहुधा कर्माच्या मागे जातं. नोंद स्त्रीलिंगी म्हणून ठेवली, माल पुल्लिंगी म्हणून पाठवला, हिशेब अनेक म्हणून ठेवले. ‘बोललो’ला कर्मच नाही, म्हणून ते ‘मी’च्या मागे जातं. मुलगी असती तर ‘बोलले’ झालं असतं. बाहेरून चार तऱ्हा दिसल्या तरी आतून सगळ्या ओळी ‘मी हे केलं’ असंच सांगतात. इंग्रजीत हा त्रास नाही, तिथे ‘केप्ट’ नोंदीलाही चालतं आणि हिशेबालाही.

उरली ‘प्रतवारी’. बाकीच्या बहुतेक ओळींचं क्रियापद ओळीतच दडलेलं होतं. इथे ते आपल्या मनाने घालता येत नाही. पोराने ‘केली’ लिहिलं खरं, पण ‘केली’ की ‘देखरेख ठेवली’ हे कागद सांगत नाही, माणसालाच विचारावं लागतं.

"प्रतवारी तू केलीस?"

"नाय काकांनू, ती बायका करीत होती. मी थंयच होतंय."

"म्हणजे चुकलेला आंबा बाजूला काढायचास?"

"काढी होतंय मां."

"आणि मग?"

"खाय होतंय."

पाच ओळी राहिल्या.