कॉइलने घेतलेली आणि परत केलेली ऊर्जा

«पॉवर फॅक्टर ०.६ असेल तर ६० टक्के वीज कामी येते आणि उरलेली ४० टक्के कॉइलमध्ये वाया जाते. ८०० मधले ३२० वॉट फुकट!»

यातले ८०० हे वॉट नाहीतच. ३० ओहमचा रोधक आणि १२७ मिलिहेन्रीची आदर्श कॉइल एकसरीत जोडून त्यांना २०० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पुरवठा दिला आहे असे धरू. कॉइलची रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला तिचा होणारा विरोध, ४० ओहम येते. रोध आणि रिअ‍ॅक्टन्स यांची बेरीज काटकोनात करावी लागते, म्हणून इम्पीडन्स, म्हणजे एकूण विरोध, ७० नव्हे तर ५० ओहम आणि प्रवाह ४ अँपिअर. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार ८०० होतो. ती आभासी शक्ती असून तिचे एकक व्होल्ट-अँपिअर आहे. वास्तविक शक्ती प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ४८० वॉट, आणि वॉटमीटरही तेवढेच दाखवतो. ४८० भागिले ८०० म्हणजे ०.६, आणि हाच पॉवर फॅक्टर.

मग ३२० चे काय? ती फक्त वजाबाकी आहे. सर्किटमधल्या कोणत्याही राशीशी तिचा संबंध नाही. कॉइलची रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती, म्हणजे तिच्या देवघेवीचे माप, प्रवाहाचा वर्ग गुणिले रिअ‍ॅक्टन्स, १६ गुणिले ४०, म्हणजे ६४० व्हार आहे; व्हार हे तिचे एकक. ४८० आणि ६४० यांच्या वर्गांची बेरीज ८०० च्या वर्गाइतकी भरते. साधी बेरीज मात्र ११२० होते, आणि तिला काही अर्थ नाही.

मूळ गैरसमज «वाया जाते» या शब्दांत आहे. प्रवाह शून्यापासून शिखरापर्यंत चढतो त्या ५ मिलिसेकंदांत कॉइल सुमारे २.०४ ज्यूल ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठवते, आणि पुढच्या ५ मिलिसेकंदांत प्रवाह उतरताना तेवढीच परत देते. पूर्ण आवर्तनात तिचा हिशेब शून्यावर येतो.

खऱ्या कॉइलच्या वाइंडिंगला मात्र रोध असतो आणि ती गरम होते. हे ओळखणे सोपे आहे: आदर्श कॉइल असती तर रोधकावर १२० आणि कॉइलवर १६० व्होल्ट मिळून वर्गांची बेरीज २०० च्या वर्गाशी जुळली असती. प्रत्यक्ष मोजलेल्या व्होल्टच्या वर्गांची बेरीज कमी भरली, तर वॉटमीटरच्या आकड्यातून रोधकाचे वॉट वजा करावेत. उरतो तो कॉइलमधला खरा अपव्यय, आणि तो वास्तविक शक्तीतच मोजला जातो.

कमी पॉवर फॅक्टरमुळे नुकसान होतेच, पण ते पुरवठ्याच्या तारांमध्ये. भारावर २०० व्होल्ट कायम राखून तेच ४८० वॉट पॉवर फॅक्टर १ असताना घेतले, तर प्रवाह २.४ अँपिअर पुरतो. तारांचा रोध १ ओहम धरला, तर त्यांच्यात ५.७६ वॉट जातात. ४ अँपिअरला ते १६ वॉट होतात. भाराला समांतर योग्य कपॅसिटर जोडला की कॉइलची देवघेव त्याच्याशीच होते आणि तारांतला प्रवाह उतरतो, पण भाराचे ४८० वॉट तेवढेच राहतात.