सदर दिवा

आमच्या फाटकासमोरचा विजेचा खांब उफराट्या डोक्याचा आहे. त्याच्यावरचा दिवा दिवसाढवळ्या जळतो आणि संध्याकाळी सात वाजले की विझतो. सोसायटीच्या सभेत यावर तासभर चर्चा झाली आणि अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मराठी घेऊन बी.ए. केलंय. (त्या पदवीचा हा पहिलाच उपयोग.)

पहिला मसुदा मी रागाच्या भरात लिहिला. त्यात करदात्यांचा पैसा होता, झोपलेलं प्रशासन होतं, चार उद्गारचिन्हं होती. बायकोनं वाचला आणि विचारलं, "अहो, हे भांडण झालं. अर्ज कुठाय?"

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. सरकारी कागदाला सरकारी भाषाच कळते, असा माझा समज होता. मी लिहिलं: "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की, सदर परिसरातील सदर खांबावरील सदर दिवा प्रदीर्घ कालावधीपासून अनियमितरीत्या कार्यरत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, संबंधितांवर उचित ती कारवाई करण्यात यावी." लिहून झाल्यावर मलाच उठून उभं राहावंसं वाटलं.

वॉर्ड ऑफिसातल्या मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. "सर, म्हणजे नक्की काय झालंय?"

"दिवा दिवसा लागतो, रात्री विझतो."

"मग असं लिहा ना! आणि कोणता दिवा?"

"सदर."

"सदर कुठला? आमच्याकडे सगळेच सदर आहेत. खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो आणा. आणि कारवाई कोणावर करायची?"

"कोणावर नाही हो, दिवा दुरुस्त करायचाय."

"मग कार्यवाही म्हणा. कारवाई म्हटलं की लोक आधी कोणाची चूक ते शोधत बसतात."

एका शब्दासाठी मी बिचाऱ्या वायरमनला फासावर चढवायला निघालो होतो.

घरी येऊन तळमजल्यावरच्या काकांना गाठलं. काका चौतीस वर्षं आवक-जावक विभागात होते. त्यांनी माझा कागद चष्मा वर करून वाचला. "अरे, 'कळविण्यात येते' म्हणजे कोण कळवतंय? वरचा साहेब खालच्याला लिहितो ते. तू नागरिक आहेस, तू 'कळवतो' म्हण. आणि 'प्रदीर्घ कालावधी' म्हणजे किती? तारीख घाल."

मी खांबाचा नंबर पाहून आलो आणि नव्यानं बसलो. या वेळी फाटकाजवळचा खड्डाही अर्जात घेतला होता, म्हटलं एका दगडात दोन पक्षी. काकांनी खड्डा खोडला. "खड्डा रस्त्यांवाल्यांचा. तो दिव्याच्या अर्जात घातलास तर कागद दोन टेबलांच्या मध्ये झोके घेईल. त्याचा वेगळा अर्ज कर."

शेवटी उरलं ते एवढंच:

"विषय: खांब क्रमांक १७ वरील दिवा रात्री बंद राहत असल्याबाबत

महोदया,
आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरील खांबावरचा (क्रमांक १७) दिवा ३ जूनपासून दिवसा सुरू असतो आणि रात्री बंद असतो. अंधारात पायरी न दिसल्याने दोन ज्येष्ठ नागरिक पडले आहेत. दिवा रात्री सुरू राहील अशी दुरुस्ती कृपया करावी. ती कधीपर्यंत होईल, हे खालील फोन क्रमांकावर कळवल्यास आभारी राहू."

मला ते फारच उघडंबोडकं वाटलं. निदान शेवटी "तसदीबद्दल क्षमस्व" तरी घालू का, असं विचारलं. "दिवा त्यांचा, पडलो आपण, आणि क्षमा तू मागणार?" काका म्हणाले. "'महोदया' आहे, 'कृपया' आहे, 'आभारी' आहे. एका दिव्याला एवढा नम्रपणा पुरे."

त्यांच्याच सांगण्यावरून दोन प्रती नेल्या. मॅडमनी एक ठेवून घेतली आणि दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून, तारीख घालून पोच म्हणून मला परत दिली. अर्ज वाचायला त्यांना अर्धा मिनिट लागला. काही विचारलं नाही. मला तर जरा चुकल्याचुकल्यासारखंच झालं.

पाचव्या दिवशी शिडी घेऊन दोन माणसं आली. संध्याकाळी सात वाजता दिवा सुरूच राहिला. सगळी सोसायटी गॅलरीत आली, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. रात्री बारा वाजता मी उठून पाहिलं, दिवा चालू. पहाटे पाच वाजता, चालू.

सकाळी अकरा वाजता भर उन्हातही तो जळत होता. दुपारी दोनलाही.

पोच हातात घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी माझंच वाक्य बोट ठेवून मोठ्यानं वाचलं: "'दिवा रात्री सुरू राहील अशी दुरुस्ती.' त्यांनी केली की! दिवसा बंद करा, असं कुठे म्हटलंयस?"

मी कोरा कागद घेतला. विषय: खांब क्रमांक १७ वरील दिवा दिवसा बंद ठेवण्याबाबत.

"खाली संदर्भ लिही," काका म्हणाले, "आणि त्यात पोचेवरचा आवक क्रमांक टाक. सदर अर्ज म्हणू नकोस."