"निघालात की लोकेशन टाकतो"

हे वाक्य आता पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलं तर मी फोन तिथल्या तिथे ठेवून देणार आहे. गेले दोन महिने भाड्याचा फ्लॅट शोधतेय. फ्लॅट आवडत नाहीत किंवा परवडत नाहीत हे दुःख वेगळं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा संताप आहे तो फ्लॅटच्या दारापर्यंत पोचायलाच जो छळ होतो, त्याबद्दल. एक पत्ता, एक वेळ आणि सोबत कुठले कागद आणायचे, एवढ्या तीन गोष्टी एका मेसेजमध्ये लिहायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं या ब्रोकर लोकांना जड जातात आणि माझा अख्खा दिवस मातीत जातो.

मागच्या शनिवारचं सांगते. शुक्रवारी रात्री ब्रोकर म्हणाला, "उद्या ४ ते ५ मध्ये या." मी पत्ता विचारला. उत्तर तेच, निघालात की लोकेशन टाकतो. कागद काय आणू विचारलं, तर "काही नको, तुम्ही फक्त या." मी विश्वास ठेवला. ३ वाजून १० मिनिटांनी निघाले आणि निघताना फोन केला. लोकेशन आलं ३:३५ ला, म्हणजे मी अर्ध्या वाटेत असताना. आणि ते लोकेशन फ्लॅटचं नव्हतंच! तो त्या वेळी दुसऱ्या कुणाला दुसरा फ्लॅट दाखवत होता, तिथे उभं राहून त्याने करंट लोकेशन पाठवलं. करंट लोकेशन म्हणजे पाठवणारा जिथे उभा आहे ती जागा, फ्लॅटची जागा नव्हे. दिवसभर हेच काम करणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? इमारत नकाशावर शोधून, तिच्यावर बोट ठेवून ती जागा पाठवायची असते. ते जमत नसेल तर इमारतीचं नाव लिहा. दोन शब्द असतात.

४:०५ ला मी त्या चुकीच्या जागी उभी. फोन उचलत नाही. पाच फोन केल्यावर ४:२० ला उचलला आणि म्हणतो, "अहो, ती नाही, मागच्या रस्त्यावरची." मागच्या रस्त्यावर गेले, तर एकाच नावाच्या दोन इमारती, फेज एक आणि फेज दोन, आणि दोघींची गेटं वेगळी. पहिल्या गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. कुणाकडे जायचंय? माहीत नाही. फ्लॅट नंबर? माहीत नाही. मालकांचं नाव? तेही माहीत नाही. "मग मी कुठे सोडू तुम्हाला?" असं त्याने विचारलं आणि त्यात त्याची काडीची चूक नव्हती. कुणाकडे जायचंय हे सांगता न येणाऱ्या माणसाला आत सोडू नये यासाठीच तर त्याला तिथे बसवलंय. मी मात्र त्या काउंटरपाशी हातात पेन धरून चोरासारखी उभी होते. रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलेलं आणि पुढचे तीन रकाने कोरे. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

आणि मग त्याने ओळखपत्र मागितलं, मूळ. माझ्या फोनमध्ये फोटो होता, तो चालेना. "काही नको, फक्त या" म्हणणाऱ्या माणसाला या गेटवर मूळ ओळखपत्र लागतं हे माहीत नव्हतं असं मी मानूच शकत नाही. तो तिथे आठवड्यातून तीनदा येतो, हे त्याच वॉचमनने मला सांगितलं.

४:५० ला साहेब आले. माझ्यासाठी सही केली, आत गेलो, लिफ्टने वर गेलो, बेल वाजवली. दार उघडलं ते एका बाईंनी. हात ओले, खांद्यावर नुकतंच झोपलेलं बाळ. त्या फ्लॅटमध्ये अजून भाडेकरू राहतात हे मला तेव्हा कळलं! आणि आज कुणीतरी घर बघायला येणार हे त्या बाईंना तेव्हा कळलं. त्या हळू आवाजात, बाळ उठू नये म्हणून दात आवळून म्हणाल्या, "मी मालकांना सांगितलं होतं, आदल्या दिवशी कळवा आणि ४ च्या आत या. बाळ ४:३० ला झोपतं." म्हणजे त्यांनी वेळ दिली होती. मालकांनी ती ब्रोकरला सांगितली की नाही, देव जाणे. ब्रोकरने मला सांगितली ती भलतीच. एका दारासाठी तिघांकडे तीन वेगळ्या वेळा. बेडरूममध्ये बाळाला ठेवायचं होतं, म्हणून मी बेडरूम पाहिलीच नाही. स्वयंपाकघर दारातून पाहिलं. नळाला पाणी किती जोरात येतं, खिडकी कुठल्या बाजूला उघडते, भिंतीला ओल आहे का, यातलं काही पाहता आलं नाही. परक्या बाईच्या घरात, ती अशी अवघडून उभी असताना, नळ सोडून बघायचा धीर कुणाला होईल?

एवढं होऊन लिफ्टमध्ये हा माणूस मला विचारतो, "पगाराच्या स्लिपा आणल्यात का? मालकांना आज फायनल करायचंय." काल मी स्पष्ट विचारलं होतं की काय आणू! अर्धा फ्लॅट पाहून मी फायनल काय करू?

कागदांच्या बाबतीत या लोकांची दोन टोकं आहेत, मधलं काही नाही. एक हा, काही नको म्हणणारा. दुसरा त्याच्या आदल्या आठवड्यातला, जो फ्लॅटचा एक फोटोही न पाठवता म्हणाला, "ओळखपत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि फोटो व्हॉट्सॲपवर टाका, मग वेळ देतो." का म्हणून? घर बघायला जाताना गेटवर दाखवायला एक ओळखपत्र पुरतं. बाकीचे कागद लागतात घर पसंत पडल्यावर, करार करताना. तेव्हा मीही मालकांकडे घर त्यांच्या नावावर असल्याचा कागद मागणार. माझ्या पगाराचा आकडा आणि बँकेतला एकेक व्यवहार मी अशा माणसाच्या फोनमध्ये का ठेवू, ज्याचं मला पूर्ण नावसुद्धा माहीत नाही? अगदीच द्यावी लागली तर मी ओळखपत्राच्या प्रतीवर आडवं लिहून देते, "फक्त अमुक फ्लॅट बघण्यासाठी", खाली तारीख. आणि पाहण्याआधी "गेट पास"चे किंवा "बुकिंग"चे पैसे कुणी मागितले, तर तिथेच विषय संपला. दार न उघडता पैसे मागणाऱ्याकडे बहुतेक वेळा दारच नसतं.

ब्रोकर पत्ता का लपवतात हे मला ठाऊक आहे. त्यांना भीती असते की मी परस्पर मालकांना गाठेन आणि त्यांची दलाली बुडेल. असं करणारे लोक आहेत, त्यामुळे ती भीती खोटी नाही. पण तिच्यावर साधा उपाय आहे. कुणामार्फत, कुठल्या तारखेला, कुठला फ्लॅट पाहिला, एवढं कागदावर लिहून पाहणाऱ्याची सही घ्यायची. काही ब्रोकर घेतात, मी दोनदा केलीय, आनंदाने केलीय. तेही नको असेल तर निदान इमारतीचं नाव आणि गेट सांगा, आणि ठरल्या वेळेला त्या गेटवर उभे राहा. फ्लॅट नंबर तिथे सांगा. तुमच्या भीतीपायी मी उन्हात गल्ल्या मोजायच्या, हे कुठलं गणित?

आणि हे जमतं हो! एका मालकीणबाईंशी थेट बोलणं झालं होतं, त्यांचा मेसेज मी अजून जपून ठेवलाय. "मागच्या गेटने या, पुढचं दुरुस्तीला काढलंय. बी विंग, ३ रा मजला, ३०४. लिफ्ट बंद आहे. बेल वाजत नाही, दार वाजवा. मी ११ ते ११:३० घरी आहे, नंतर बाहेर जायचंय. गेटवर माझं नाव सांगा, ओळखपत्र दाखवावं लागेल." मी ११:१० ला पोचले आणि वीस मिनिटांत सगळं घर नीट बघून झालं. फ्लॅट माझ्यासाठी लहान होता, नाही घेतला. पण त्या बाईंबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. अर्ध्या तासाची वेळ दिली आणि ती खरी होती. "४ ते ६ मध्ये कधीही या" ही वेळच नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की तू दोन तास मोकळी राहा आणि मी मला हवं तेव्हा येईन.

त्या शनिवारनंतर मी आदल्या संध्याकाळी एकच मेसेज पाठवते. "उद्या ४ वाजता येतेय. इमारतीचं पूर्ण नाव, फेज, विंग आणि कुठलं गेट ते लिहा. दार कोण उघडणार? आत कुणी राहत असेल तर त्यांना ही वेळ सांगितलीय का? गेटवर मूळ ओळखपत्र लागतं का? दुपारी २ पर्यंत उत्तर आलं नाही तर मी निघणार नाही." पाच ओळींचा मेसेज, आणि उत्तरात काय येतं? अंगठा. मी गेट विचारलं, त्याचं उत्तर अंगठा. दार कोण उघडणार, त्याचं उत्तरही अंगठाच. त्या अंगठ्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा येत नाही. नुसत्या अंगठ्यावर मी आता घराबाहेर पाऊल टाकत नाही. एकदा फोन करते, एकेक प्रश्न परत विचारते, ऐकलेलं उत्तर लिहून त्यालाच पाठवते आणि "बरोबर आहे का, हो किंवा नाही लिहा" असं सांगते. यात दोन भेटी रद्द झाल्या. होऊ देत, निदान सुट्टी तरी वाचली.

मंगळवारी त्याच शनिवारवाल्याचा फोन आला. "मॅडम, त्या बाई घर सोडतायत, आज ५ ते ७ मध्ये बेडरूम बघून घ्या." मी म्हटलं, त्यांना विचारलंत का? गप्प. मी म्हटलं, त्यांना विचारा, त्या देतील ती वेळ लिहून पाठवा, मी येते. तर म्हणतो, "तुम्ही निघा तर खरं, मी बोलतो त्यांच्याशी."

मी गेले नाही.