"एकाच वेळी जास्त जण पाहत आहेत" हा संदेश आला की आधी यादी उघडा

आमच्या सांगलीच्या घरी एका ओटीटीचे सबस्क्रिप्शन आहे आणि त्यात एका वेळी दोन स्क्रीन चालतात. रविवारी रात्री जेवणे उरकून आईने मालिका लावली, तर पडद्यावर सूचना आली की या खात्यावर सध्या फार जण पाहत आहेत. घरात दुसरा टीव्ही नाही आणि माझा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता. साहजिकच सगळ्यांचा संशय पुण्यात शिकणाऱ्या भाच्यावर गेला, कारण सुट्टीत तो इथे आला तेव्हा मीच त्याला पासवर्ड दिला होता.

खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन मी डिव्हाइसची यादी उघडली. त्यात एका मोबाईलपुढे त्याच संध्याकाळची वेळ होती आणि ठिकाण 'पुणे' असे होते. मी तडक फोन लावला आणि जरा आवाज चढवूनच विचारले. तो म्हणाला, "मामा, मी दोन महिने ते ॲप उघडलंच नाही ओ." त्याचे खरे होते. यादीतला तो मोबाईल माझाच निघाला. संध्याकाळी सांगलीतल्याच विश्रामबागेत बँकेबाहेर थांबलो असताना मी मोबाईल डेटावर दहा मिनिटे काहीतरी पाहिले होते. यादीतले ठिकाण इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून अंदाजाने काढलेले असते, आणि मोबाईल डेटा वापरताना तो पत्ता कंपनीच्या दूरच्या केंद्राचा असू शकतो, त्यामुळे माणूस सांगलीत असला तरी यादीत पुणे किंवा मुंबई दिसू शकते. म्हणून माझे आग्रहाने सांगणे आहे की गावाचे नाव पाहून कोणावरही आळ घेऊ नका. डिव्हाइसचा प्रकार, शेवटच्या वापराची वेळ आणि वापरलेले प्रोफाइल या तीन गोष्टी जुळवून पाहा.

तशा जुळवल्यावर खरा घोळ सापडला. यादीत एक टीव्ही होता, आमच्या घरी नसलेल्या कंपनीचा, आणि त्यावर मुलीचे प्रोफाइल त्या क्षणीही चालू होते. मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरला दोन रात्री एका बंगल्यात राहिलो होतो. तिथल्या टीव्हीवर मीच लॉग-इन केले होते आणि निघताना सामान मोजले, चार्जर मोजले, पण साइन-आउट करायचे राहून गेले. तेव्हापासून तिथे उतरणारे पाहुणे आमच्या खात्यावर निवांत पाहत होते. मुलीच्या 'पाहणे सुरू ठेवा' या ओळीत तिने कधीही न लावलेले चित्रपट होते, ते आम्ही तिचेच समजत होतो. मग दुसरी स्क्रीन कोणती? तीही घरचीच होती. आमची टीव्हीला जोडायची स्टिक वेगळ्या ॲडॉप्टरवर चालते, आणि दुपारी बातम्यांसाठी आईने रिमोटने सेट-टॉप बॉक्सचे इनपुट लावले तेव्हा स्टिकवरचा कार्यक्रम बंद झालाच नाही. आई रात्री मालिका पाहत होती ती टीव्हीतल्याच ॲपवर, आणि स्टिक मागे आपली पुढचे भाग लावत बसली होती.

लोकांची गल्लत होते ती इथेच. लॉग-इन असलेली डिव्हाइस, प्रोफाइल आणि एका वेळी चालणाऱ्या स्क्रीन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नेटफ्लिक्सवर एका खात्यात पाच प्रोफाइल करता येतात, पण 199 रुपयांच्या प्लॅनमध्ये एका वेळी एकच स्क्रीन चालते, 499 मध्ये दोन आणि 649 मध्ये चार. याउलट ॲमेझॉन प्राइमने भारतात जानेवारी 2025 पासून डिव्हाइसवरही मर्यादा घातली, एकूण पाच आणि त्यांत जास्तीत जास्त दोन टीव्ही. तिथे मर्यादा भरली की कोणी पाहत नसलेला जुना टीव्ही यादीतून काढावा लागतो.

उपाय करताना नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. पासवर्ड बदलताना 'सर्व डिव्हाइसवर पुन्हा साइन-इन करायला लावा' अशा अर्थाचा पर्याय असेल तर त्यावर खूण करा, नाहीतर आधी लॉग-इन झालेला टीव्ही तसाच चालू राहू शकतो. मोबाईल नंबर आणि ओटीपीवर चालणाऱ्या सेवांमध्ये बदलायला पासवर्डच नसतो, तिथे यादीत जाऊन ते डिव्हाइस काढणे हाच मार्ग. आम्ही तो बंगल्यातला टीव्ही काढला. परिणाम लगेच दिसला नाही, थोड्या वेळाने आईची मालिका सुरू झाली.

भाच्याचे म्हणाल तर त्याला पासवर्ड देणे हीच माझी चूक होती, असे मी स्पष्ट मानतो. नेटफ्लिक्सने जुलै 2023 मध्ये भारतात सांगितले की एक खाते एका घरापुरते आहे, आणि पुण्याची खोली म्हणजे सांगलीचे घर नव्हे. फक्त फोन-टॅबवर चालणारा 149 रुपयांचा प्लॅन त्याला पुरतो. त्याचे प्रोफाइल नव्या खात्यात हलवले, त्यामुळे पाहिलेल्या भागांची नोंदही तशीच राहिली. त्या रात्रीच्या चढ्या आवाजाबद्दल मी त्याची माफी मागितली आहे.