आठवड्याची आठवी मात्रा

ज्या कोणी आठवड्याला सातच वार नेमून दिले, त्याच्यावर बालवाडीतल्या चार वर्षांच्या मुलांकडून ते वार तालावर आणि हातवाऱ्यांसह म्हणवून घेण्याचा प्रसंग कधी आला नसावा. तसा तो आला असता, तर त्याने एक वार वाढवला असता किंवा तीन कमी केले असते. मी सांगलीत बालवाडी चालवते, आणि ‘वार आणि महिने : अभिनयगीत’ एवढीच नोंद असलेली अभ्यासक्रमातली एक ओळ दर जूनमध्ये माझी वाट पाहत असते.

अडचण मुलांच्या पायांत आहे. मुलाला दोन पाय असतात आणि ते तालावर नाचू लागले, की डावा-उजवा, डावा-उजवा असेच नाचतात. ‘सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि, रवि’ असे सात ठेके घेतले, की पहिला सोमवार डाव्या पायावर येतो आणि दुसरा उजव्या पायावर. मोठ्या माणसाला हे जाणवतही नाही, पण मुले तिथे अडखळतात, एकमेकांच्या पायांकडे पाहू लागतात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत अर्धा वर्ग सोमवारात, तर अर्धा मंगळवारात असतो. आमच्या शेजारी राहणाऱ्या तबल्याच्या मास्तरांनी मोठ्या उत्साहाने सुचवले, की रूपक ताल सातच मात्रांचा असतो, तेव्हा तीन-दोन-दोन असे खंड पाडून म्हणवून घ्या. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, त्यामुळे असे सल्ले इथे फुकट मिळतात. मास्तर स्वतः वर्गात आले, त्यांनी टाळी धरली आणि थोड्याच वेळात, घरी दूध तापत ठेवले आहे असे सांगून ते निघून गेले.

म्हणून कहरव्यासारखे आठ ठेके धरणे भाग पडते. वार सातच, तेव्हा आठवा ठेका रिकामा राहतो, आणि रिकामा ठेका हे मुलांच्या दृष्टीने उघडे दार असते. रवि म्हणून झाले, की एक क्षण थांबायचे असते. पण उतावळी मुले त्या क्षणात पुढचा सोम घुसवतात. यावर बालवाडीच्या बायकांमध्ये पूर्वापार चालत आलेला उपाय म्हणजे ती जागा एखाद्या शब्दाने भरणे. मी तिथे ‘सुट्टी!’ हा शब्द घातला आणि त्यावर उंच उडी ठेवली. ‘सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि, रवि, सुट्टी!’ पहिल्याच दिवशी गाणे असे बसले, की मधल्या सुट्टीत डबा खातानाही मुले उड्या मारत होती.

पाठ होणे आणि कळणे यांत फरक असतो, आणि तो ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. मुलाला गाडी मधूनच सुरू करायला सांगावी. ‘बुधवारनंतर कोणता वार?’ असे विचारले, की मूल सोमवारपासून सुरुवात करते, बुधवार ओलांडते, तोंडाला वेग आलेला असल्यामुळे थेट सुट्टीपर्यंत जाते आणि उडी मारूनच थांबते. ‘गुरुवारच्या आधी कोणता?’ हा प्रश्न तर त्याला सरळसरळ अन्याय वाटतो. याला इलाज एकच, तो म्हणजे रोज ज्या वारी वर्ग भरेल, त्या वारापासून गाणे सुरू करणे. तसे केले, की वारांची साखळी कुठूनही धरता येते आणि रविवारनंतर सोमवार पुन्हा येतो, हेही मुलांच्या ध्यानात येते.

त्याप्रमाणे एका गुरुवारी आम्ही गुरुवारपासून आरंभ केला. ‘गुरु, शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ, बुध, सुट्टी!’ सगळी मुले आनंदाने उडाली. पुढच्या बुधवारी वर्गात जेमतेम निम्मी मुले होती, आणि एक आजोबा नातवाला हाताशी धरून दारात उभे राहून मला विचारत होते, “काय ओ बाई, आज सुट्टी हाय म्हणतंय पोरगं, अन् नोटीस कुठंच न्हाई?” नातवाच्या बाजूने तर्क अचूक होता, गाण्यात बुधवारला चिकटून सुट्टी आलेली त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटली होती. त्याच आठवड्यात एका मुलीने आठवड्याचे वार बोटांवर आठ मोजून दाखवले. त्यानंतर सुट्टी हा शब्द रद्द झाला आणि आठव्या ठेक्यावर तोंड मिटून मांडीवर एक थाप आली. तोंड बंद असले तरी हात चालू राहतो, त्यामुळे ताल सांभाळला जातो आणि कोणाला खोटी रजाही मिळत नाही. उडी गेल्याबद्दल वर्गात नाराजी आहे, ती अजून मिटलेली नाही.

अभिनयाचा आणखी एक जाच असा, की मुलांसमोर तोंड करून उभे राहिले, तर त्यांचा उजवा हात वर जावा म्हणून आपल्याला डावा वर करावा लागतो, कारण मुले आरशासारखी नक्कल करतात. ही सवय अंगात इतकी मुरते, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी समोरच्या वहिनींच्या कपाळापर्यंत डाव्या हाताने कुंकू नेले होते. त्यांनी मान मागे घेतली म्हणून निभावले.

जानेवारी-फेब्रुवारी मुलांना वाढदिवसांच्या निमित्ताने येतातच. खरी कसोटी मराठी महिन्यांची. ते बारा असल्यामुळे चार-चारांच्या तीन ओळी सुरेख पडतात, रिकामी जागा उरत नाही. पण भाद्रपद आणि मार्गशीर्ष एका ठेक्यात कोंबावे लागतात, तर पौष आणि माघ ओढून लांबवावे लागतात. शिवाय प्रत्येक महिन्याला एकच हालचाल हवी, कारण ठेका एकच आहे. चैत्राला गुढी म्हणून हात वर, इथवर ठीक. ज्येष्ठाला वटपौर्णिमेची प्रदक्षिणा ठेवली, तर वर्गच वडाभोवती निघाला आणि आषाढ येईपर्यंत परतला नाही. आता बोटाभोवती दोरा गुंडाळल्याची खूण आहे. आषाढाला मी टाळ वाजवण्याची खूण ठरवली होती, पण आज्यांचा आग्रह पडला, की आमच्याकडे बेंदूर आषाढातच, तेव्हा बैलाची शिंगे पाहिजेत. शिंगे मान्य केली. श्रावणाला नागाचा फणा आहे, आणि बत्तीस शिराळा आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे त्याबाबत कोणाला प्रात्यक्षिकाची गरज पडली नाही. फक्त फणा शेजाऱ्याच्या नाकाला लागतो. भाद्रपदाला सोंड.

फाल्गुनाला मात्र मुलांनीच खूण ठरवली. तोंडावर तळहात आपटून शिमग्याची बोंब. ती एका ठेक्यात संपत नाही, तिच्यानंतर चैत्र म्हटला तरी तो ऐकू येत नाही आणि महिने पुन्हा फिरून येतात ही गोष्ट शिकवायची राहून जाते. म्हणून मी फाल्गुन हा शेवटचा महिना ठेवणे सोडले. गाणे श्रावणापासून सुरू करून आषाढावर संपवले, की बोंब मधल्या ओळीच्या शेवटी येते आणि लगेच गुढी उभारावी लागत असल्यामुळे हात तोंडावरून निघतो.

हे सारे जमले असे वाटत असतानाच तेच आजोबा पुन्हा आले. “बाई, अन् धोंड्याचा महिना कुठं बसवणार?” सुमारे तीन वर्षांनी येणारा हा तेरावा पाहुणा चार-चारांच्या ओळींत मावत नाही. 2023 मध्ये अधिक श्रावण ऐन शाळेच्या दिवसांत आला होता; तेव्हा फणा दोनदा काढून वेळ मारून नेली होती आणि नाकांच्या तक्रारीही दुप्पट आल्या होत्या. 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक, तोही 17 मे ते 15 जून. मी आजोबांना दिनदर्शिका उघडून दाखवली आणि म्हटले, “तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते.” नातवाने तो एक शब्द तेवढा ऐकला आणि उंच उडी मारली.