नाकारलेली जाहिरात: आधी दुरुस्ती की आधी अपील?

«जाहिरात रिजेक्ट झाली तर मजकुराला हात लावू नका, फक्त रिव्ह्यू मागत राहा, शेवटी पास होतेच. नाहीच झाली तर ‘मधुमेह’ शब्दाच्या मध्ये ठिपका टाका, मशीन फक्त शब्द पकडतं.»

असा सल्ला ऐकायला मिळतो, पण तो चुकीचा आहे. फेसबुकवर Request review हे बटण दिले आहे ते निर्णय चुकला असेल तर तसे सांगण्यासाठी. मजकुरात खरोखरच दोष असेल, तर त्याच मजकुराची पुन्हा तपासणी मागून तोच निर्णय पुन्हा हाती येतो आणि मधले दिवस वाया जातात. जाहिरात दुरुस्त करून जतन केली की ती आपोआप नव्याने तपासणीला जाते, त्यासाठी वेगळे अपील लागत नाही. गूगलच्या अपील-अर्जात तर हा फरक सरळच विचारला जातो: Dispute decision निवडायचे की Made changes to comply with policy. ज्या जाहिरातदाराने काहीही बदललेले नाही, त्याने दुसरा पर्याय निवडणे म्हणजे असत्य विधान करणे होय.

आता शब्द पकडण्याचा मुद्दा. एका आहारतज्ज्ञांची जाहिरात अशी आहे असे समजू: ‘तुम्हाला मधुमेह आहे का? ९० दिवसांत गोळ्या बंद!’ आणि सोबत वजन घटण्यापूर्वीचे व नंतरचे अशी दोन छायाचित्रे. यात ‘मधुमेह’ हा शब्द निषिद्ध नाही. फेसबुकचा आक्षेप असतो तो वाचणाऱ्या व्यक्तीला अमुक आजार आहे असे गृहीत धरण्यावर किंवा सुचवण्यावर, आणि हा नियम आर्थिक स्थितीलाही लागू आहे. येथे मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास चूक होते. ‘तुम्हाला’ हा शब्द काढला की काम झाले असे त्यांना वाटते, पण आपल्या भाषेत क्रियापदच समोरच्या माणसाकडे बोट दाखवते. ‘गोळ्या खाऊन कंटाळलात?’ या वाक्यात सर्वनाम नाही, तरीही रोग वाचकाच्याच माथी मारलेला आहे. म्हणून वाक्याचा कर्ता वाचकाऐवजी सेवा असावा: ‘मधुमेहासाठी आहारसल्ला. आहारतज्ज्ञांशी ४५ मिनिटांची भेट आणि रोजच्या घरच्या जेवणावर बेतलेला आठवड्याचा आराखडा. औषधांतील बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.’

९० दिवसांचे वचन पूर्णपणे गाळावे, कारण ‘अनेकांच्या गोळ्या बंद झाल्या’ असे सौम्य केले तरी दावा तोच राहतो. दोन छायाचित्रांच्या जागी भाकरी, उसळ आणि कोशिंबिरीचे ताट चालेल. एवढे करूनही नकार येतो तेव्हा बहुधा कारण जाहिरातीत नसते. ती ज्या पानावर नेते तेथे ‘९० दिवसांत गोळ्या बंद’ हीच ओळ मोठ्या अक्षरांत तशीच राहिलेली असते. तपासणीत मजकूर, चित्र आणि ते पान या तिन्हींचा विचार होतो.

ठिपक्याची युक्ती यामुळेच दुहेरी नुकसानीची आहे. जो शब्द मुळात चालतो तो लपवला जातो, आणि लपवण्याचा प्रयत्न हा स्वतंत्र व अधिक गंभीर भंग ठरतो. तपासणीला बगल देण्याच्या अशा प्रकारासाठी गूगल पूर्वसूचना न देता संपूर्ण खाते निलंबित करू शकते. एका जाहिरातीसाठी खाते पणाला लावण्याचा सल्ला कोणी कोणाला देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

कर्जाच्या जाहिरातीत ‘कर्जात बुडालात? हमखास मंजुरी’ हे वरच्याच कारणाने अडते, पण तेथे शब्द सुधारून भागत नाही. वैयक्तिक कर्जासाठी गूगलला परतफेडीचा किमान व कमाल कालावधी, कमाल वार्षिक दर आणि सर्व शुल्कांसह एकूण खर्चाचे एक नमुना-उदाहरण संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये स्पष्ट दिलेले हवे असते. संपूर्ण रक्कम ६० दिवसांच्या आत फेडायची असेल, तर ते कर्ज कोणत्याही शब्दांत जाहिरातीस पात्र ठरत नाही.

आरोग्यातही अशी एक सीमा आहे. वरील आहारतज्ज्ञ सल्ल्याऐवजी मधुमेहावरचे चूर्ण विकत असतील, तर १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आहे, आणि त्यावरील औषधाची जनतेसाठी जाहिरात करणे हाच भंग आहे. तेथे फेसबुकने चुकून मंजुरी दिली तरी ती कामाची नाही.

मग अपील केव्हा करावे? ‘मधुमेहींसाठी पाककृती कार्यशाळा, रविवारी सकाळी १० वाजता’ अशी जाहिरात नाकारली गेली, तिच्यात वाचकाविषयी गृहीतक नाही, वचन नाही आणि तिचे पानही स्वच्छ आहे, तर काहीही न बदलता अपील करावे. नकाराच्या सूचनेत दिलेल्या धोरणाचे नाव नीट वाचावे, त्या धोरणाशी आपली प्रत्येक ओळ ताडून पाहावी, आणि कारण लिहिण्याची सोय असेल तर ‘ही कार्यशाळेची सूचना आहे, कोणत्याही व्यक्तीच्या आजाराबद्दल विधान नाही’ एवढेच लिहावे.