तीस अक्षरांच्या डब्यात आपला पत्ता कसा कोंबायचा

ऑनलाइन फॉर्म बनवणाऱ्यांनी एकदा मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्याचा पत्ता स्वतः भरून बघावा असं माझं प्रामाणिक मत आहे. एका ओळीत तीस अक्षरं, त्यात स्पेस पण धरायची, आणि ओळी तीन. आपला पत्ता म्हणजे घर नंबर, देवळाच्या मागं, टाकीजवळ, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. बसणार कसा? नुसतं Chhatrapati Sambhajinagar लिहिलं की पंचवीस अक्षरं गेली, पुढं स्पेस देऊन Dist लावलं की ओळच संपली.

मग लोक काय करतात, वरून लिहायला सुरुवात करतात आणि जागा संपेल तिथं थांबतात, म्हणजे घराजवळच्या सगळ्या खाणाखुणा येतात अन् गावाचं नावच राहून जातं. माझं म्हणणं उलटं आहे. पत्ता खालून वर भरा, कारण टपाल पण तसंच वाचलं जातं, आधी पिन, मग पोस्ट, मग गाव, अन् घर सगळ्यात शेवटी. देऊळ, टाकी हे फक्त दारापर्यंत येणाऱ्या माणसाच्या कामाचं, तोपर्यंत पार्सल गावात तर पोहोचलं पाहिजे ना.

आता कुणी म्हणेल पिन टाकला की झालं. नाही होत भाऊ. गावच्या ब्रांच पोस्टाला सहसा स्वतःचा पिन नसतो, ते ज्या सब पोस्टाला जोडलेलं असतं त्याचाच पिन चालतो, म्हणून एका पिनखाली कितीतरी गावं असतात. त्यात पिंपळगाव, वडगाव ही नावं तर तालुक्या-तालुक्यात. म्हणून मु. आणि पो. ही जोडी काहीही झालं तरी तोडायची नाही, विशेषतः गाव एक आणि पोस्ट दुसऱ्या गावचं असेल तेव्हा. आणि पिन अंदाजानं टाकायचा नाही. वैजापूर आपल्याच संभाजीनगर जिल्ह्यात, पण पिन 423701, बाकी पैठण-सिल्लोडकडं 431 नं सुरू होतो. लातूर-धाराशिवचा तर सोलापूरसारखा 413.

उदाहरण घ्या, पैठण तालुक्यातलं समजा एक पिंपळगाव, पोस्ट वडगाव (गावं मनानं धरलीत, शोधत बसू नका). पहिल्या ओळीत आपण सवयीनं असं टाईप करतो:

H No 3/127 Behind Maruti Mandir

मोजा, एकतीस होतात. काही फॉर्म लाल अक्षरात ओरडतात, ते बरे. काही मात्र गुपचूप शेवटचा r खातात अन् लेबलवर छापून येतं Maruti Mandi. आता तो डिलिव्हरीवाला पोरगा भाजी मंडई शोधत फिरणार! नुसता H काढला तरी काम होतं:

No 3/127 Behind Maruti Mandir
At Pimpalgaon Post Wadgaon
Tq Paithan

पाण्याची टाकी गेली, जाऊ द्या. खूण एकच ठेवायची, पण गावात कुणालाही विचारलं तर हात करून दाखवता येईल अशी. दुकानाचं नाव शक्यतो नको, दुकान बदलतं, मारुती कुठं जात नाही. जिल्हा, राज्य, पिनला खाली वेगळे डबे असतील तर तेच परत वरच्या ओळीत लिहून जागा घालवायची नाही. City विचारलं अन् आपण खेड्यात, तर मी तिथं तालुक्याचं गाव टाकतो, मग तिसरी ओळ पण मोकळी होते. शब्द मात्र दोन ओळीत तोडू नका, Wad वरती अन् gaon खालती असलं काही दिसलं की वाचणारा गोंधळतो.

सगळ्यात जास्त राग येतो तो चिन्हं न घेणाऱ्या फॉर्मचा. तिरपी रेघ चालत नाही म्हणून तो ती स्वतःच काढतो आणि 3/127 चं 3127 होतं. संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत तर घर नंबर 4-10-25 असे, हैदराबादी थाटाचे. रेघा उडाल्या की 41025, आता ह्यातून वॉर्ड कुठला अन् घर कुठलं कसं ओळखायचं? अशा फॉर्मात रेघेच्या जागी स्पेस द्यायची, 4 10 25. सबमिटच्या आधी जो प्रिव्ह्यू येतो त्यात फक्त दोन गोष्टी बघा, घर नंबर आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द. गडबड झालेली असली तर बहुतेक तिथंच सापडते.

अन् जिल्ह्याच्या यादीत अजून Aurangabad च दिसत असेल तर अडून बसू नका, तेच निवडा. बिहारात पण एक औरंगाबाद आहे हे खरं, पण तिथला पिन 8 नं सुरू होतो, आपला 4 नं, त्यामुळं पिन बरोबर असला तर पार्सल तिकडं जायचं कारण नाही.